सौदे चालू असताना मेसेजला उत्तर: घड्याळाची तयारी कशी करावी

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे चालू असतात तेव्हा अडत दुकानातल्या माणसाचा एक हात नमुन्याच्या पोत्यात आणि दुसरा वहीवर असतो. खिशातला फोन थरथरत राहतो. कुणी शेतकरी विचारतो, ‘उद्या गाडी आणू का?’ कुणाला विकलेल्या मालाच्या हिशोबाची पट्टी हवी असते, घरून भाजीचा निरोप येतो. प्रत्येक वेळी हळदीच्या हातांनी फोन बाहेर काढणे जमत नाही, आणि उत्तर न दिले तर तोच माणूस पाच मिनिटांनी फोन लावतो. अशा वेळी मनगटावरच्या घड्याळातून दोन टिचक्यांत उत्तर जाऊ शकते. मात्र घड्याळ हातात बांधले आणि काम झाले, असे होत नाही. अर्धा तास बसून तयारी करावी लागते. ती कशी करायची ते पाहू. उदाहरण अडत दुकानाचे घेतले आहे, पण शिक्षक, दवाखान्यातला मदतनीस किंवा दुचाकी दुरुस्त करणारा यांनाही हीच पद्धत लागू पडते. फक्त वाक्ये आपापली घालायची.

घड्याळ नेमके काय करते

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढच्या निम्म्या अडचणी तिच्यातूनच निघतात. व्हॉट्सॲपचा मेसेज घड्याळावर दिसतो तेव्हा बहुतेक घड्याळांत व्हॉट्सॲप नसतेच. फोनवर आलेल्या नोटिफिकेशनची ती फक्त प्रत असते. अँड्रॉइड फोनवर नोटिफिकेशन खाली ओढली की तिच्याखाली Reply असे बटण दिसते आणि ॲप न उघडता तिथेच उत्तर लिहिता येते. ही सोय २०१६ साली अँड्रॉइड ७ पासून फोनवर सर्रास आली. घड्याळ तेच बटण दुरून दाबते. तुम्ही मनगटावर वाक्य निवडता, घड्याळ ते ब्लूटूथने फोनला कळवते, फोन ते त्या बटणाच्या रकान्यात भरतो आणि व्हॉट्सॲप नेहमीसारखा मेसेज पाठवते.

म्हणजे पाठवणारा शेवटी फोनच. म्हणून फोनवरची नोटिफिकेशन पुसली गेली, तर घड्याळाला दाबायला बटणच उरत नाही. दुकानात बसलेल्या मुलाने तुमचा फोन उचलून ‘सगळे साफ’ केले की इकडे तुमच्या मनगटावरूनही मेसेज नाहीसा होतो, किंवा दिसत राहिला तरी उत्तर जात नाही. फोन गल्ल्यावर ठेवून तुम्ही सौद्याच्या ठिकाणी गेलात तरी तेच. ब्लूटूथ मोकळ्यावर साधारण दहा मीटर चालते. मध्ये गोदामाची भिंत आणि पोत्यांची थप्पी आली की त्याहून कमी. फोन खिशात हवा, दुकानात नव्हे.

स्वतःचे सिम असलेली किंवा वायफायवर चालणारी महागडी घड्याळे याला थोडा अपवाद आहेत. पण नवशिक्याने आपले घड्याळ फोनवरच अवलंबून आहे असे धरून चालावे.

तुमच्या घड्याळाला हे जमते का

विकत घेण्याआधीच हे तपासायचे असते. दुकानदार ‘व्हॉट्सॲप येतं’ म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ बहुतेकदा ‘व्हॉट्सॲप दिसतं’ इतकाच असतो. दिसणे आणि उत्तर देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आयफोन असेल तर उत्तर सोपे आहे: ॲपल वॉच हवे. इतर कंपन्यांच्या घड्याळांना आयफोन नोटिफिकेशन देतो, पण ज्या मार्गाने देतो त्यात घड्याळाला फक्त ‘होकार’ किंवा ‘नकार’ अशी दोनच बटणे दाबता येतात. फोन घ्यायचा की नाकारायचा, एवढे त्यात भागते. मजकूर परत पाठवायला जागाच नाही. म्हणून गार्मिनसारखे चांगले घड्याळसुद्धा अँड्रॉइडबरोबर मेसेजला उत्तर देते आणि आयफोनबरोबर देत नाही. घड्याळ बिघडलेले नसते, त्यामुळे बदलून आणूनही फरक पडणार नाही.

अँड्रॉइड फोन असेल तर तीन पायऱ्या धरा. वेअर ओएसवर चालणाऱ्या घड्याळांत, म्हणजे सॅमसंग गॅलेक्सी वॉच ४ आणि पुढची, किंवा गूगल पिक्सेल वॉच, बोलून लिहिणे, कीबोर्ड आणि तयार उत्तरे हे सगळे मिळते. मधल्या गटात बहुतेकदा फक्त तयार उत्तरे असतात. आणि स्वस्तातली ‘ब्लूटूथ कॉलिंग’ घड्याळे बरीचशी नुसती वाचायला देतात. काहींत तयार उत्तर असते, पण ते फक्त आलेला फोन नाकारताना जाते. सौद्याच्या कामाला मधला गट पुरेसा आहे. गोंगाटात बोलून लिहिणे तसेही फारसे चालत नाही, ते पुढे येईल.

दुकानात उभे राहून करायची चाचणी अशी. तुमचाच फोन त्या घड्याळाला जोडून घ्या. घरच्या कुणाला तरी ‘चाचणी’ एवढा मेसेज पाठवायला सांगा. घड्याळावर तो उघडा आणि खाली सरका. तयार वाक्यांची यादी, माइकचे चिन्ह किंवा Reply यांपैकी काही दिसले तर उत्तर जाते. फक्त कचऱ्याचा डबा किंवा ‘पुसा’ दिसले तर ते वाचायचे घड्याळ आहे.

फोनवरची परवानगी

अँड्रॉइडवर घड्याळाच्या ॲपला तीन परवानग्या लागतात आणि तिन्ही वेगवेगळ्या ठिकाणी असतात. जोडणी करताना घाईत ‘नको’ दाबले गेले की नंतर शोधत बसावे लागते.

पहिली नोटिफिकेशन वाचण्याची. फोनच्या Settings मध्ये वर शोधायच्या जागी Device & app notifications किंवा नुसते Notification access असे टाका. यादीत तुमच्या घड्याळाचे ॲप शोधा आणि चालू करा. फोन इशारा देईल की हे ॲप तुमच्या सगळ्या नोटिफिकेशन वाचू शकेल आणि त्यांवरची बटणे दाबू शकेल. आपल्याला तेच हवे आहे. म्हणूनच अनोळखी कंपनीच्या घड्याळाचे ॲप इथे चालू करताना थोडा विचार करा. बँकेचा ओटीपीसुद्धा नोटिफिकेशनच असतो.

दुसरी बॅटरीची. Settings मध्ये Apps, मग घड्याळाचे ॲप, मग Battery, आणि तिथे Unrestricted निवडा. काही फोनांत हीच गोष्ट ‘Autostart’ या नावाने आणखी एका ठिकाणी असते, तीही चालू करा. हे केले नाही तर घड्याळ सकाळी छान चालते आणि दुपारी दोनच्या सुमारास मुके होते, कारण फोनने मधल्या काळात ते ॲप झोपवलेले असते. घड्याळाचे ॲप हाताने उघडले की सगळे मेसेज एकदम धडाधड येत असतील, तर रोग हाच आहे.

तिसरी एसएमएसची. ती व्हॉट्सॲपसाठी लागत नाही. फोन नाकारून मेसेज पाठवायचा असेल, किंवा साध्या एसएमएसला उत्तर द्यायचे असेल, तर लागते. Apps मध्ये घड्याळाच्या ॲपच्या Permissions खाली SMS असते.

आयफोन आणि ॲपल वॉचला यातले काही करावे लागत नाही. फक्त आयफोनवरच्या Watch ॲपमध्ये Notifications उघडून व्हॉट्सॲप चालू आहे का ते पाहा.

आता व्हॉट्सॲपमध्ये एक गोष्ट. मेसेजचा मजकूर नोटिफिकेशनमध्ये दिसायला हवा. ॲपला बोटाच्या ठशाचे कुलूप लावताना Show content in notifications हा पर्याय बंद केला असेल, तर घड्याळावर कुणाचा मेसेज तेच कळत नाही. Chat lock लावलेल्या संभाषणाचेही असेच होते. ते तसेच असावे, पण मग त्या माणसाला मनगटावरून उत्तर देण्याची आशा सोडा.

तयार उत्तरे: खरी मेहनत इथे

घड्याळात आधीपासून काही वाक्ये असतात: OK, Yes, Can't talk now असली. ती कुणाच्याच उपयोगाची नसतात. आपली वाक्ये घालण्याची जागा अशी आहे.

ॲपल वॉचसाठी आयफोनवरचे Watch ॲप उघडा. खाली My Watch, मग Messages, मग Default Replies. जुन्या वाक्यावर टॅप करून ते बदलता येते आणि तळाशी Add Reply ने नवे घालता येते. वरच्या Edit ने क्रम बदलतो आणि नको ते काढता येते. ही यादी फोनच्या Messages ॲपची आहे. Mail ची तयार उत्तरे त्याच My Watch मध्ये Mail खाली वेगळी असतात. एकीकडे बदलून दुसरीकडे दिसत नाहीत, म्हणून गोंधळू नका.

इतर घड्याळांत हीच यादी Quick replies, Quick responses किंवा Custom replies अशा नावाने घड्याळाच्या ॲपमध्ये, नोटिफिकेशनच्या किंवा मेसेजच्या पानावर असते. फोन नाकारताना जाणाऱ्या उत्तरांची यादी बऱ्याचदा निराळी असते. दोन्ही भरा.

जागा सापडली. आता लिहायचे काय? इथे मराठीची एक खास अडचण आहे. तेच वाक्य वाळव्याच्या सत्तरीतल्या काकांना जाणार, हमालांच्या मुकादमाला जाणार, मुंबईच्या खरेदीदाराला जाणार आणि घरी बायकोलाही जाणार. ‘थांब, फोन करतो’ हे काकांना गेले तर ते संध्याकाळी दुकानात येऊन बोलून दाखवतील, आणि ‘आपण कृपया थांबावे’ हे घरी गेले तर वेगळीच चौकशी होईल. म्हणून समोरच्याला उद्देशून क्रियापद वापरूच नका. ‘या’, ‘ये’, ‘करा’, ‘कर’, ‘तुम्ही’, ‘तू’ हे सगळे टाळा आणि वाक्य स्वतःबद्दल किंवा कामाबद्दल लिहा. ‘सौदे चालू आहेत, संपल्यावर फोन करतो’ हे कुणालाही चालते. बाई वापरणार असतील तर ‘करते’. दोघे मिळून एकच फोन सांभाळत असाल, तर ‘दुकानातून फोन येईल’ असे लिहून हा प्रश्नच मिटवा.

दुसरी अडचण वेळेची. ‘१० मिनिटांत येतो’ हे तयार उत्तर म्हणून धोक्याचे आहे. नेट अडकले आणि मेसेज पाऊण तासाने पोहोचला, तर समोरचा त्या क्षणापासून दहा मिनिटे मोजतो. घड्याळाची वेळही घालू नका, कारण यादी रोज बदलायला कुणी बसत नाही. ‘सौदे संपल्यावर’, ‘जेवणानंतर’, ‘दुकान बंद करताना’ अशा घटनेला बांधलेली वेळ उशिरा पोहोचली तरी खरीच राहते.

तिसरी गोष्ट वाक्याच्या सुरुवातीची. घड्याळाच्या गोल पडद्यावर एका ओळीत दोन-तीनच शब्द मावतात आणि पुढे टिंबे येतात. चार वाक्ये ‘सौदे चालू आहेत...’ने सुरू झाली तर चारही सारखीच दिसतील आणि घाईत चुकीचे जाईल. प्रत्येक वाक्याचा पहिला शब्द वेगळा ठेवा.

या तीन कसोट्या लावून हळदीच्या अडत दुकानाची यादी अशी बनते:

- सौदे चालू आहेत, संपल्यावर फोन करतो.
- हो, मिळालं.
- मेसेज वाचला, विचारून सांगतो.
- पट्टी तयार झाली की फोटो पाठवतो.
- गाडी आणण्याआधी फोनवर बोलणं गरजेचं आहे.
- भाव मेसेजवर सांगत नाही, फोनवर बोलू.
- घरी निघालो.

सात पुरेत. जास्त घालता येतात, पण यादी सरकवत शोधायला लागलात की फोन काढणे परवडले. क्रम वापराप्रमाणे ठेवा, मजकुराच्या जवळिकीप्रमाणे नको. न सरकवता दिसणारी पहिली दोन-तीन वाक्ये दिवसातले बहुतेक काम करतात. आणि ‘हो, मिळालं’ व ‘गाडी आणण्याआधी’ ही शेजारी ठेवू नका. बोट घसरून ‘उद्या ४० पोती आणू का?’ला ‘हो, मिळालं’ गेले तर शेतकरी होकार समजून पहाटे गाडी भरतो आणि मग आवक जास्त असलेल्या दिवशी पोती उतरवायला जागा नसते.

नुसते ‘हो’ किंवा ‘ठीक आहे’ यादीत ठेवले नाही, ते याचसाठी. पैशाच्या, मालाच्या आणि भावाच्या प्रश्नाला एका शब्दाचा होकार मनगटावरून जाता कामा नये. बहुतेक घड्याळांत तयार वाक्यावर टॅप केले की ते लगेच जाते, ‘नक्की पाठवू का?’ असे कुणी विचारत नाही. चुकून गेलेच तर व्हॉट्सॲपवर फोनमधून पंधरा मिनिटांच्या आत तो मेसेज दुरुस्त करता येतो, किंवा सगळ्यांसाठी पुसता येतो. एसएमएस मात्र गेला तो गेला.

एसएमएसमध्ये देवनागरी लिहिताना

फोन नाकारून पाठवलेले तयार उत्तर एसएमएसने जाते, समोरच्याकडे व्हॉट्सॲप असले तरी. तिथे लांबीचा हिशोब येतो. इंग्रजी अक्षरांतला एक एसएमएस १६० अक्षरांचा असतो. देवनागरीत तोच ७० वर येतो. शिवाय मोजणी आपण शाळेत करतो तशी नसते. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षरातला अर्धेपणा दाखवणारी खूण हे सगळे वेगळे मोजले जाते. ‘दे’ म्हणजे दोन, ‘ल्या’ म्हणजे चार.

वरच्या यादीतले पहिले वाक्य मोजून पाहा. ‘सौदे चालू आहेत, संपल्यावर फोन करतो.’ मोकळ्या जागा आणि विरामचिन्हे धरून हे ३५ भरते. त्याला कुणी हौसेने जोडले, ‘तोवर दुकानात फोन करा, तिथे माणूस आहे.’ हे ३७. मधली एक मोकळी जागा धरून एकूण ७३ झाले, म्हणजे तीन अक्षरांसाठी दोन एसएमएस. समोरच्याला ते एकत्र जोडूनच दिसते, पण तुमच्या पॅकमधून दोन कापले जातात. रोज शंभर एसएमएसचे पॅक असेल तर फारसे बिघडत नाही. मात्र पॅक संपलेल्या दिवशी उत्तर गेले असे वाटते आणि जात नाही. शिवाय ‘करा’ आल्यामुळे ते वाक्य आपल्या पहिल्या कसोटीतही नापास झाले.

दोन सिमे असतील तर आणखी एक पाहा. फोनच्या सिमच्या सेटिंगात एसएमएससाठी ठरलेले सिम दुकानाचे आहे का? घरचे असेल तर शेतकऱ्याला अनोळखी नंबरावरून ‘सौदे चालू आहेत’ असा मेसेज जातो आणि तो कुणाचा ते त्याला कळत नाही. तिथे ‘दर वेळी विचारा’ असे ठेवले असेल, तर फोन खिशात विचारत बसतो आणि मेसेज अडकतो.

स्वस्त घड्याळांच्या पडद्यावर देवनागरी कधी कधी तुटकी दिसते. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते, जोडाक्षरे सुटतात, किंवा नुसते चौकोन येतात. हा बहुतेकदा फक्त दाखवण्याचा दोष असतो. घड्याळाला अक्षरे जोडता येत नाहीत, पण पाठवलेला मजकूर शाबूत असतो. खात्री करायची तर एक उत्तर घरच्या फोनवर पाठवून तिथे कसे दिसते ते पाहा. तिथे नीट असेल तर घड्याळावरचे तुटके वाक्य पहिल्या शब्दावरून ओळखून वापरत राहा. चौकोनच येत असतील तर ‘Saude chalu aahet’ अशी इंग्रजी अक्षरांतली मराठी लिहा. ती सगळीकडे दिसते आणि एसएमएसही एकातच बसतो.

बोलून लिहिणे

यासाठी माइक असलेले आणि ही सोय असलेले घड्याळ लागते. फोनवर बोलण्यासाठी माइक आहे म्हणजे बोलून लिहिता येते, असे नाही.

पहिला प्रश्न भाषेचा. घड्याळाचा कीबोर्ड उघडून त्याच्या सेटिंगात Languages पाहा. मराठी असेल तर ती निवडा आणि इंग्रजीही ठेवा. मराठी नसेल तर हिंदीत मराठी बोलून पाहू नका. यंत्र ऐकलेल्या आवाजाला आपल्या ओळखीचे हिंदी शब्द चिकटवते आणि वाक्य भलतेच होते. अशा घड्याळावर तयार उत्तरांवरच भागवा.

बोलायची पद्धत अशी. मेसेज उघडा, माइकवर टॅप करा, कंप किंवा आवाज झाल्यावरच बोला. आधीच सुरुवात केली तर पहिला शब्द गळतो, आणि ‘नाही’ हा वाक्यातला पहिला शब्द असेल तर अर्थच उलटतो. मनगट तोंडापासून वीतभर ठेवा. अगदी ओठांशी नेले की श्वासाचा फुत्कार माइकवर बसतो. एका दमात एक वाक्य बोला. मध्ये विचार करायला थांबलात की घड्याळ तुमचे बोलणे संपले असे समजून ऐकणे बंद करते. मग पाठवण्याआधी वाचा. काही घड्याळे लिहिलेले दाखवून थांबतात, काही क्षणभर दाखवून पाठवून टाकतात. तुमचे कोणत्या जातीचे आहे ते पहिल्या दिवशी घरच्या नंबरावर तपासा.

ॲपल वॉचवर Watch ॲपमध्ये Messages खाली Dictated Messages आहे. तिथे Transcript ठेवले तर बोललेले लिहून जाते, Audio ठेवले तर आवाजच जातो, तिसऱ्या पर्यायात दर वेळी निवडता येते. ज्यांना वाचायला जड जाते अशा मंडळींना आवाज पाठवलेला बरा पडतो, म्हणून तिसरा पर्याय ठेवावा.

सौद्याच्या ठिकाणी मात्र बोलून लिहिण्याची फार आशा धरू नका. तिथे चुका होतात त्या तुमच्या उच्चारामुळे नव्हे. शेजारी बोली पुकारणाऱ्याचा आवाज तुमच्या आवाजाइतकाच मोठा असतो, आणि घड्याळाला दोन्ही सारखेच वाटतात. कधी कधी तर शेजारच्याने पुकारलेला आकडाच तुमच्या वाक्यात येऊन बसतो. भिंतीकडे तोंड करून, दुसऱ्या हाताने आडोसा धरून एखादे वाक्य निघते. त्याहून जास्त नाही.

आकड्यांचे तर विशेष जपा. ‘साडेतेरा हजार’, ‘पावणेचौदा’, ‘सव्वाशे’ हे आपल्या रोजच्या बोलण्यातले आकडे यंत्राला अवघड जातात. ते कधी अक्षरी लिहिते, कधी साडे गाळून नुसते तेरा ठेवते. पोत्यांची संख्या सांगायचीच असेल तर पूर्ण आकडा बोला: ‘एकशे पंचवीस पोती’. भाव तर मनगटावरून बोलून पाठवूच नका, त्यासाठी यादीत सहावे वाक्य ठेवले आहे. राजापुरी, सेलम अशी हळदीच्या वाणांची नावे, शेतकऱ्यांची आडनावे, गावांची नावे यांतही चुका होतात, पण त्या वाचणाऱ्याला कळतात. आकड्याची चूक कळत नाही, कारण चुकलेला आकडाही आकडाच असतो.

आणखी एक: बऱ्याच घड्याळांत बोललेले ओळखण्याचे काम फोनच्या इंटरनेटवरून दूर कुठेतरी होते. म्हणून माइक चालू होतो, गोल फिरत राहते आणि शेवटी ‘पुन्हा प्रयत्न करा’ येते, तेव्हा माइक बिघडलेला नसतो. महाबळेश्वरच्या वाटेवर किंवा कासला रेंज गेली की असेच होईल. तयार उत्तर तिथेही निवडता येते. फोनमधले व्हॉट्सॲप ते धरून ठेवते आणि रेंज आली की पाठवते.

एक मेसेज शेवटपर्यंत

समजा सकाळचे साडेअकरा वाजलेत, सौदे रंगात आहेत आणि मनगट थरथरले. पडद्यावर वरच्या ओळीत नाव, खाली मजकूर: ‘दादा उद्या ४० पोती आणू का’. आधी वरची ओळ वाचा. तिथे नुसते माणसाचे नाव आहे, की ग्रुपचे नाव आणि मग माणसाचे? ग्रुपमधल्या मेसेजला दिलेले उत्तर ग्रुपमध्ये जाते, फक्त त्या माणसाला नाही. दोनशे शेतकऱ्यांच्या ग्रुपमध्ये ‘घरी निघालो’ गेले की दिवसभर चेष्टा होते. घड्याळ वापरायचे ठरले की असे मोठे ग्रुप व्हॉट्सॲपमध्ये Mute करून टाका, मनगटावरची निम्मी गर्दी तिथेच कमी होते.

इथे माणसाचेच नाव आहे. खाली सरका, पाचवे वाक्य निवडा: ‘गाडी आणण्याआधी फोनवर बोलणं गरजेचं आहे.’ टॅप केले. पाठवल्याची खूण किंवा कंप येईपर्यंत मनगट खाली करू नका. काही घड्याळांचा पडदा हात खाली जाताच विझतो आणि उत्तर अर्धवट राहते.

आता दुसरी शक्यता. तोवर आणखी दोघांचे मेसेज आले आणि पडद्यावर दिसते ‘५ मेसेज, ३ संभाषणे’. यावर उत्तराचे बटण येत नाही. ही गठ्ठ्याची नोटिफिकेशन आहे, तिच्यात कुणाला उत्तर द्यायचे ते फोनला ठाऊक नसते. गठ्ठ्यावर टॅप केल्यावर एकेक मेसेज सुटा होत असेल तर त्यातून उत्तर द्या. होत नसेल तर फोन काढावाच लागेल. गठ्ठा होऊ नये म्हणून उपाय एकच, आलेला मेसेज लगेच हातावेगळा करणे.

आणि उत्तर गेल्यासारखे वाटूनही शेतकऱ्याचा पुन्हा फोन आला, तर फोन काढून ते संभाषण उघडा. तुमचे वाक्य तिथे आहे आणि शेजारी घड्याळाचे छोटे चिन्ह आहे, म्हणजे फोनपर्यंत पोहोचले पण नेट नव्हते. वाक्यच नाही, म्हणजे घड्याळ आणि फोन यांच्यात तुटले. मग ब्लूटूथ बंद करून चालू करा, घड्याळाचे ॲप एकदा उघडा, आणि घरच्या नंबरावरून पुन्हा ‘चाचणी’ मागवा. तेवढ्याने सुधारले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तसेच झाले, तर Unrestricted चे बटण एकदा तपासून पाहा. फोनचे सॉफ्टवेअर अपडेट झाल्यावर ते कधी कधी आपोआप जुन्या जागी गेलेले सापडते.